झटका मशीनची टिकटिक मंदावली : गवत, अर्थिंग की मशीनच खराब?

शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारी झटका मशीन टिकटिकते आहे याचा अर्थ एवढाच, की आतून ठरावीक वेळाने ठोका निघतो आहे. तो ठोका तारेपर्यंत किती पोचतो आणि तारेतून जनावराला किती बसतो, हे आवाजावरून कळत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या वावरातल्या मशीनची टिकटिक दबकी झाली. रोज येणारा कडक 'टक्' जाऊन शेडच्या दारातूनही कान देऊन ऐकावा लागेल असा आवाज यायला लागला. तूर उभी होती, सोयाबीन काढणीला आलं होतं आणि रानडुकरं उत्तरेच्या धुऱ्याकडून आत शिरत होती. तिथपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काय काय तपासलं आणि काय निघालं, ते क्रमाने लिहितो आहे.

आधी कुंपणाची माहिती. वावर पाच एकर, परीघ साधारण सहाशे मीटर. लोखंडी अँगलवर क्लच वायरच्या पाच ओळी आहेत : जमिनीपासून ८, १६, २६, ४० आणि ५८ इंचांवर. खालच्या दोन डुकरासाठी, वरच्या रोह्यासाठी. मशीन सरकारी अनुदानातून मिळालेली, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, ४ ज्यूल ऊर्जा साठवणारी. सोबत २६ अँपिअर-अवरची बॅटरी आणि सोलर पॅनल. मशीन आग्नेय कोपऱ्यातल्या शेडमध्ये आहे. तिथून एक फाटा पूर्वेकडून उत्तरेला जातो, दुसरा दक्षिणेकडून पश्चिमेला. फाटक दक्षिणेला आहे.

अडचण अशी, की गवताची गळती, कच्चं अर्थिंग आणि मशीनमधला दोष, तिन्हींचं लक्षण एकच : तारेवर व्होल्टेज कमी आणि जनावर बिनधास्त. त्यामुळे अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसलो तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. तिन्ही वेगळे करून मोजणं हाच मार्ग आहे.

मोजायला कुंपणाचा खास डिजिटल व्होल्टमीटर लागतो. आम्ही १,४०० रुपयांना घेतला. घरातला मल्टिमीटर इथे चालत नाही. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, तेवढ्यात साधा मल्टिमीटर आकडा पकडू शकत नाही आणि आठ हजार व्होल्टने तो जळतो, ते वेगळंच. मीटरचा आकडा हजार व्होल्टमध्ये असतो. ५.२ दिसलं म्हणजे ५,२०० व्होल्ट. डुकराच्या राठ केसांतून झटका बसायचा तर तारेवर किमान चार हजार तरी हवेत असं आम्ही धरतो. तीन हजारांच्या खाली गेलं की डुक्कर तारेला नाक लावून पुढे निघून जातं.

पुढचं सगळं करताना एक नियम पाळला : तार, जोड किंवा अर्थिंगला हात लावण्याआधी मशीन बंद. मोजण्यापुरती चालू, मग परत बंद. पायात रबरी गमबूट. आणि घरगुती लाइन थेट तारेला जोडण्याचा विचार कुणीही करू नये. झटका मशीनचा ठोका क्षणभराचा असतो आणि दोन ठोक्यांमध्ये निदान एक सेकंद मोकळा असतो, म्हणून माणूस हात सोडवू शकतो. २३० व्होल्टच्या लाइनवर स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. अशा कुंपणांनी माणसं मेली आहेत.

६ ऑक्टोबर, सकाळी सातला पहिलं मोजमाप घेतलं. मशीनजवळ तारेवर १.६, सगळ्यात लांबच्या वायव्य कोपऱ्यात १.१. त्याच दिवशी दुपारी दोनला मशीनजवळ २.४. सकाळ-दुपारचा हा फरक महत्त्वाचा आहे. दव पडलेलं ओलं गवत तारेला टेकून वीज जमिनीत उतरवतं. ऊन चढून गवत सुकलं की गळती कमी होते आणि व्होल्टेज वर येतं. त्यामुळे सकाळी कमी आणि दुपारी जास्त असं दिसलं, की कुठेतरी ओलाव्यातून गळती आहे हे नक्की धरायचं. मात्र दुपारीही आकडा २.४ च्या वर गेला नाही, तेव्हा एकट्या गवतावर खापर फोडता येईना.

बॅटरीची तपासणी सोपी, म्हणून ती आधी उरकली. पॅनलची वायर काढून, मशीन बंद करून दोन तास बॅटरी तशीच ठेवली आणि साध्या मल्टिमीटरने मोजली : १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी अशी थांबवून ठेवल्यावर १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, ११.८ म्हणजे जवळजवळ संपलेली. मग मशीन चालू करून परत पाहिलं तर १२.४. म्हणजे लोडवर बॅटरी बसत नव्हती. मिनिटाला ठोके मोजले, ते ४८ भरले. बॅटरी उतरली की बऱ्याच मशीनमध्ये दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं. इथे अंतर ठीक होतं, आवाज मात्र दबका होता. बॅटरी आणि पॅनल यादीतून काढून टाकले.

पावसाळ्यात ज्यांची बॅटरी खरंच उतरते त्यांच्यासाठी ढोबळ हिशेब सांगतो. अशी मशीन साधारण ०.४ अँपिअर खाते, म्हणजे चोवीस तासांत नऊ-दहा अँपिअर-अवर. २६ ची बॅटरी सूर्य न दिसता सव्वा दिवसात अर्धी होते. झडीच्या दिवसांत मशीन फक्त रात्री चालवली तर तीच बॅटरी दुप्पट पुरते.

पुढची पायरी मशीन एकटी तपासण्याची. कुंपणाकडे जाणारी वायर टर्मिनलवरून काढली, अर्थची तशीच ठेवली आणि टर्मिनलवर मीटर लावला. आकडा आला ८.४. बहुतेक लोक इथे थांबतात आणि मशीन चांगली आहे असा निकाल देतात. मशीन देणाऱ्याकडच्या माणसानेही फोनवर हेच सांगितलं : "आठ दाखवते ना, मग मशीन ओके आहे. गवत काढा." गवत काढायचं होतंच. पण मोकळ्या मशीनचा आकडा अर्धवट पुरावा आहे, तो का ते पुढे येईल.

कुंपण तुकड्यांत तपासण्यासाठी आधी वायव्य कोपऱ्यातला जोड सोडला, म्हणजे दोन फाटे स्वतंत्र झाले. मग ईशान्य आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातले जोडही सोडले आणि एकेक बाजू जोडत गेलो. सकाळी दव असतानाच हे केलं, कारण दोष तेव्हाच स्पष्ट दिसतो. नुसती पूर्व बाजू जोडली तर ५.४. तिला उत्तर जोडली आणि आकडा २.३ वर कोसळला. दुसरीकडे नुसती दक्षिण जोडली तर ३.०, तिला पश्चिम जोडली तर २.८. म्हणजे पूर्व आणि पश्चिम फार बिघडलेल्या नव्हत्या. खाणारी जागा उत्तरेला होती आणि दक्षिणेलाही.

उत्तरेचं कारण डोळ्यांनी दिसत होतं. धुऱ्यावर कुंदा आणि गाजरगवत कमरेएवढं, खालच्या दोन तारा त्यात बुडालेल्या आणि एका जागी जंगली वेल पाचही तारांवर चढलेला. गवताची एक काडी टेकली तर काही बिघडत नाही, तिचा अडथळा फार मोठा असतो. पण समजा एका ओल्या काडीचा अडथळा एक लाख ओहम धरला आणि अशा पाचशे काड्या दीडशे मीटरमध्ये टेकल्या, तर सगळ्या मिळून तारेला जमिनीशी दोनशे ओहमने जोडतात. एवढी गळती कुठल्याही लहान मशीनला जड जाते. त्यात डुकरासाठी खालची तार आठ इंचांवर ठेवावीच लागते, म्हणून गवत सगळ्यात आधी तिलाच गाठतं.

दोन दिवस दोन बाया लावून विळ्याने तारेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन फुटांचा पट्टा साफ केला. मजुरी १,२०० रुपये झाली. ब्रश कटर तारेजवळ नेला नाही, त्याची नायलॉन दोरी क्लच वायरमध्ये अडकली की तार तुटते किंवा इन्सुलेटर उपटतो. कापलेलं ओलं गवत तारांवर पडून राहिलं तर तेही तितकंच खातं, ते हाताने काढून बांधापलीकडे टाकावं लागतं. तुरीच्या फांद्या वरच्या तारेवर झुकल्या होत्या, त्या शेंड्याला खुडल्या. या साफसफाईनंतर पूर्व-उत्तर फाटा मिळून ५.० दाखवायला लागला.

दक्षिणेला मात्र गवत जवळजवळ नव्हतंच. तिथे रात्री अंधारात तारेच्या कडेने हळूहळू चालत गेलो. फुटक्या इन्सुलेटरवर ठिणगी असेल तर निळसर चमक दिसते आणि बारीक 'टिच्' ऐकू येतं. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ, स्टेशन नसलेल्या जागी लावून, सोबत धरला तर गळतीच्या जवळ त्यात टिकटिक मोठी होते. अशी एक जागा सापडली. कोपऱ्याच्या अँगलवर इन्सुलेटरऐवजी ठिबकच्या लॅटरलचा तुकडा घालून तार ओढलेली होती. ही युक्ती सगळीकडे दिसते, आणि वर्षभर चालतेही. मग तुकडा उन्हाने तडकतो आणि ठिणगी त्या पातळ भिंतीतून थेट अँगलमध्ये जाते. तिथे कोपऱ्याचा जाड इन्सुलेटर बसवला, ३५ रुपये. दक्षिणेचा आकडा ३.० वरून ३.३ झाला. एवढ्यानेच सगळं सुटलं नव्हतं.

खरा चोर फाटकाखाली निघाला. तारेची जोडणी फाटकापाशी जमिनीखालून नेलेली होती आणि त्यासाठी घरातली साधी फिटिंगची वायर पीव्हीसी पाइपात घातली होती. त्या वायरवर बारीक अक्षरांत ११०० व्होल्ट छापलेलं असतं, तिचं वेष्टण तेवढ्याचसाठी बनवलेलं असतं. आपण त्यातून आठ हजारांचा ठोका पाठवतो. कोरड्यात ती कशीबशी टिकते. पाइपात पावसाचं पाणी साचलं की वेष्टणातल्या बारीक भोकांतून गळती सुरू होते, आणि वरून काहीच दिसत नाही. खात्री करायला दोन्ही टोकं सोडून फाटकावरून तात्पुरती तार ओढली. आकडा लगेच ५.५ वर गेला. कुंपणासाठीची दुहेरी वेष्टणाची, वीस हजार व्होल्टची केबल तालुक्याला मिळाली नाही, मागवायला नऊ दिवस गेले. दहा मीटरचे ४५० रुपये. टाकताना पाइपाची दोन्ही तोंडं खाली वळवून घेतली, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

आता चारही बाजू जोडल्या. सकाळी ३.३, दुपारी ३.९. पहिल्यापेक्षा दुप्पट, पण सहाशे मीटरच्या स्वच्छ कुंपणावर ४ ज्यूलच्या मशीनने यापेक्षा बरंच जास्त द्यायला हवं. टिकटिक अजूनही दबकीच होती. तेव्हा मशीनकडे परत यावं लागलं.

मोकळ्या मशीनवर ८.४ का फसवतं ते इथे सांगतो. मशीन बॅटरीच्या १२ व्होल्टपासून आत पाचशेच्या आसपास व्होल्ट तयार करून एका कॅपॅसिटरमध्ये साठवते. ठरल्या क्षणी थायरिस्टर उघडतो, साठा ट्रान्सफॉर्मरमध्ये ओतला जातो आणि बाहेर हजारो व्होल्टचा ठोका निघतो. तो 'टक्' आवाज याच क्षणाचा. कॅपॅसिटर जुना किंवा खराब झाला की तो पूर्वीइतक्याच व्होल्टपर्यंत भरतो, पण त्यात माल कमी मावतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण दिसतो, टाकीत पाणी किती आहे ते नळ सोडल्यावरच कळतं, तसंच हे. म्हणून मशीन लोडवर तपासावी लागते.

लोडसाठी ४७ ओहम, १० वॅटचे सिरॅमिकचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एकेक १५ रुपयांना मिळाले. एकूण ४७० ओहम, म्हणजे मशीनच्या माहितीपत्रकात जो ५०० ओहमचा आकडा दिलेला असतो त्याच्या जवळ. एकच मोठा रेझिस्टर घेतला तर त्याच्या अंगावरून ठिणगी उडते, दहा ओळीत ठेवले की प्रत्येकावर पाचशे व्होल्टच्या आसपास येतात. माळ कोरड्या फळीवर ठेवली, मशीन बंद करून एक टोक कुंपणाच्या आणि दुसरं अर्थच्या टर्मिनलला लावलं, मग मिनिटभर चालू. आकडा २.७.

याला तुलना हवी. शेजारच्या काकांकडे याच मॉडेलची, त्याच वर्षी आलेली मशीन आहे. त्यांचं सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायला अवकाश होता, म्हणून त्यांनी ती दिली. "ने, पण पेरणीच्या आधी आणून ठेव बा." त्याच रेझिस्टरवर त्यांची मशीन ४.७ दाखवत होती. आमच्या कुंपणाला लावली तर सकाळी ५.८, जिथे आमची ३.३ देत होती. तेच कुंपण, तेच अर्थिंग, तीच बॅटरी. यानंतर शंकेला जागा उरली नाही. रेझिस्टर-बिझिस्टरचा खटाटोप नको असेल तर ही अदलाबदल एकटीच पुरेशी आहे. फक्त दोन मशीन एकाच तारेवर एकाच वेळी कधी जोडायच्या नाहीत. दोघींचे ठोके एकमेकांत मिसळून मधला सेकंद हरवतो, आणि त्या सेकंदावरच माणसाची सुटका अवलंबून असते.

मशीनवर वॉरंटी शिल्लक होती, म्हणून उघडली नाही. सील तुटलं की वॉरंटी गेली. मशीन अनुदानातली असल्याने बिल आमच्या नावावर नव्हतं, फक्त वाटपाची पावती होती. देणाऱ्याने बिलाशिवाय तक्रार नोंदवायला नकार दिला. मग कार्यालयात अर्ज करून, वाटप यादीतला आमचा क्रमांक आणि मशीनचा सीरियल नंबर असलेलं शिक्क्याचं पत्र घेतलं. त्यात आठवडा गेला. अर्जासोबत वाटप पावतीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि मशीनवरच्या पाटीचा फोटो लागला. सातबारा मागतील म्हणून नेला होता, कुणी पाहिला नाही. सल्ला एवढाच, की मशीन मिळते त्या दिवशीच पाटीचा फोटो काढून ठेवा. दोन पावसाळ्यांत त्यावरचा सीरियल नंबर वाचता येत नाही.

तक्रारीत 'आवाज कमी येतो' असं न लिहिता आकडे लिहिले : मोकळी ८.४, ४७० ओहमवर २.७, त्याच मॉडेलची दुसरी मशीन त्याच लोडवर ४.७. सोबत मीटरचा व्हिडिओ पाठवला. यानंतर 'गवत काढा' हे उत्तर परत आलं नाही. २१ ऑक्टोबरला मशीन कुरिअरने गेली, खर्च ३८० रुपये. परत आली ३ डिसेंबरला. काकांची मशीन नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना परत केली, त्यानंतर तुरीला रात्रीची जागल करावी लागली. वॉरंटीची दुरुस्ती फुकट असली तरी हा काळ हिशेबात धरावा लागतो. शक्य असेल तर मशीन पीक उभं नसताना पाठवावी.

सोबतच्या कागदावर दोष लिहून मागितला होता, तो लिहून आला : कॅपॅसिटर ३० मायक्रोफॅरडचा, मोजमापात १३ भरला, बदलला. हिशेब जुळतो. ५२० व्होल्टला ३० मायक्रोफॅरडमध्ये ४ ज्यूल मावतात, १३ मध्ये पावणेदोन. निम्म्याहून कमी ऊर्जा, आणि आवाजही त्याच प्रमाणात दबका. आल्यावर लोडवर ४.६, कुंपणावर डिसेंबरच्या दवातही ६.०.

वॉरंटी संपलेली असेल तर इन्व्हर्टर दुरुस्त करणारा चांगला मेकॅनिक हा भाग बदलू शकतो, भागाची किंमत दोन-तीनशे रुपयांच्या घरात असते. मात्र व्होल्टची मर्यादा मूळ भागापेक्षा कमी नको आणि झटपट रिकामा होण्यासाठी बनवलेला प्रकार हवा. पंख्याचा कॅपॅसिटर त्या डबीत बसतो, म्हणून तो लावून देणारे आहेत. तो टिकत नाही. आणि मशीन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, त्यामुळे घरी झाकण उघडून बोट घालू नये. टिकटिक पूर्ण थांबून नुसती बारीक शिट्टी येत असेल तर बहुधा थायरिस्टर गेलेला असतो. टिकटिक कडक आहे पण मोकळ्या टर्मिनलवरही आकडा नाही, तर ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी मारते आहे असं समजावं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मार्च २०२५ मध्ये उन्हाळी भुईमुगात डुकरं शिरली, आणि तेव्हा मीटर ७.३ दाखवत होता. गवत वाळून गेलेलं, मशीन नवी केलेली, टिकटिक कडक. तारेवर भरपूर व्होल्टेज असून जनावराला झटका बसत नाही, हे कच्च्या अर्थिंगचं लक्षण आहे. डुक्कर तारेला टेकलं की वीज त्याच्या अंगातून जमिनीत, जमिनीतून अर्थच्या सळईत आणि तिथून मशीनमध्ये परत जायला हवी. परतीच्या वाटेवर अडथळा मोठा असेल तर व्होल्टेजचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो. समजा अर्थिंगचा अडथळा १,२०० ओहम आहे आणि डुकराचा, पायाखालच्या मातीसकट, ८००. मग सात हजारांतले डुकराच्या वाट्याला २,८०० येतात. कुणी टेकलेलं नसताना मात्र वीज वाहतच नाही, म्हणून मीटरला यातलं काही दिसत नाही.

अर्थिंग तपासण्यासाठी म्हणूनच मुद्दाम गळती करावी लागते. मशीन बंद केली. अर्थच्या सळईपासून शंभर मीटरहून लांब, लोखंडी पहारी आणि सळया जमिनीत ठोकून तारेला टेकवल्या. मशीन चालू करून तारेवर मोजलं, आकडा दोनच्या खाली येईपर्यंत सळया वाढवत गेलो. अर्थात दर वेळी मशीन बंद करून. मग शेडपाशी येऊन मीटरचं एक टोक अर्थच्या सळईला लावलं आणि दुसरं, सळईपासून मीटरभर लांब जमिनीत खोचलेल्या खिळ्याला. अर्थिंग चांगलं असेल तर इथे ०.३ च्या आत यायला हवं. आला १.३. म्हणजे हजाराहून जास्त व्होल्ट अर्थिंगवरच वाया जात होते. हीच चाचणी ऑक्टोबरात केली होती, तेव्हा ०.३ आला होता, कारण काळी माती पावसाने भिजलेली होती. अर्थिंगची परीक्षा उन्हाळ्यातच होते. ओल्या जमिनीतला निकाल धरून बसू नये.

उकरून पाहिलं तर बसवणाऱ्याने तीन फुटांचा एकच अँगल ठोकलेला, त्यावर गंज, आणि मशीनकडून आलेली तांब्याची वायर नुसती पिळलेली. तांबं आणि जस्ताचा थर असलेला लोखंडी भाग ओलाव्यात एकत्र आले की जोड कुजतो. शिवाय काळी माती वाळून आकसली होती आणि अँगलभोवती बोट जाईल एवढी भेग होती. अँगल मातीला टेकतच नव्हता.

नवीन अर्थिंगसाठी जी.आय.च्या दोन-दोन मीटरच्या तीन सळया आणल्या, एकेक ६५० रुपयांना. जागा शेडजवळची सोडून नाल्याकाठची सखल निवडली, तिथे ओल टिकते. सळया एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर. जवळ ठोकल्या तर तिघी मिळून एकीचंच काम करतात. मोटारीच्या मीटरपेटीचं अर्थिंग तिथून वीस मीटरवर आहे. हे अंतर किमान दहा मीटर हवं, नाहीतर कुंपणाचे ठोके मोटारीच्या बॉडीत आणि घरच्या वायरिंगमध्ये उतरतात. त्याच कारणाने बोअरच्या केसिंगला अर्थ बांधायचा नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. तिन्ही सळया एकाच अखंड जी.आय. तारेने क्लॅम्प लावून जोडल्या आणि तीच तार मशीनपर्यंत नेली.

दोन मीटर सळई काळ्या मातीत घणाने सरळ जाते, खाली मुरूम लागला की थांबते. पहारीने वाट करून, त्यात पाणी सोडून, रात्रभर मुरू देऊन दुसऱ्या दिवशी ठोकली तर जाते. सळईभोवती बेंटोनाइटचा गाळ करून ओतला, तो ओल धरतो आणि भेग पडू देत नाही. मीठ-कोळशाचा सल्ला बरेच जण देतात. मिठाने आकडा लगेच उतरतो हे खरं, पण जस्ताचा थर दोन-तीन वर्षांत खाल्ला जातो आणि पावसाने मीठही धुऊन जातं, म्हणून घातलं नाही. त्याऐवजी भुईमुगाच्या ठिबकची एक लॅटरल तिकडे ओढून प्रत्येक सळईपाशी ताशी चार लिटरचा एक ड्रिपर ठेवला. क्लॅम्प, तार, बेंटोनाइट धरून एकूण खर्च २,९०० रुपये आला. परत तीच चाचणी : ०.३. डुकरं थांबली.

एक कोपरा अजून राहिला आहे. वायव्येला जमीन मुरमाड, मे महिन्यात पूर्ण कोरडी. तिथे परतीची वाट डुकराच्या पायाखालीच अडते, नाल्याकाठी कितीही सळया ठोकल्या तरी उपयोग नाही. त्यासाठी त्या पन्नास मीटरमध्ये दुसरी आणि चौथी तार झटक्याच्या जोडातून सोडवून अर्थच्या तारेला जोडली आहे, आणि कोपऱ्यात एक जादा सळई. घुसताना डुक्कर पहिल्या आणि दुसऱ्या तारेला एकदम टेकलं की वीज जमिनीवर अवलंबून न राहता एका तारेतून दुसरीत जाते. यात तारा ताठ ठेवाव्या लागतात, कारण झटक्याची आणि अर्थची तार एकमेकींना टेकली तर सगळं कुंपण मरतं. पाऊस सुरू झाला की पाचही तारा परत झटक्यावर घ्यायच्या, म्हणून जोडाच्या जागी १२० रुपयांचा कट-आउट स्विच बसवला आहे. तसाच एक स्विच उत्तरेच्या सगळ्यात खालच्या तारेलाही आहे. झडीत गवत काढायला उसंत मिळाली नाही तर तेवढी एक तार दोन-चार दिवस सोडता येते, आणि वरच्या चार पूर्ण ताकदीवर राहतात.